तिसऱ्या कुपीचा हिशेब : क्वांटम डॉटचा आकार आणि रंग, निबंधाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

नॅनोमटेरिअल्सच्या पेपरसाठी निबंध : 'क्वांटम डॉटच्या आकारानुसार उत्सर्जनाचा रंग का बदलतो'. महिनाअखेर द्यायचा आहे. मॅडम म्हणाल्या, "नोबेलने सुरुवात करू नकोस, सगळे तसंच करतात." माझा पहिला परिच्छेद तोच होता. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल, बावेंडी, ब्रुस आणि एकिमोव्ह. खोडला.

त्याऐवजी त्यांनी कुलूपबंद कपाटातून पाच कुप्या काढून दिल्या. आधीच्या बॅचच्या एका दादाने केलेले कॅडमियम सेलेनाइडचे डॉट्स, म्हणजे काही नॅनोमीटरचे अर्धवाहक स्फटिक. तापलेल्या फ्लास्कमधून वेगवेगळ्या वेळी थोडा थोडा नमुना काढून पटकन थंड केलेला. जो लवकर काढला त्यातले कण लहान, जो उशिरा काढला त्यातले मोठे. कुप्या सीलबंद आहेत आणि कॅडमियम असल्यामुळे सिंकमध्ये थेंबही जाता कामा नये. वर्णपटासाठी लागतील ते थेंब मॅडम स्वतः काढून देणार.

ट्यूबलाइटखाली कुप्या पिवळ्यापासून गडद तांबूसपर्यंत दिसतात. यूव्ही टॉर्च मारला की दुसरी हिरवी, तिसरी पिवळसर हिरवी, चौथी नारिंगी आणि पाचवी लालसर. पहिली मात्र विचित्र निघाली. निळसर हिरवी हवी होती, तर मळकट गुलाबी-पांढरी चमकते. तिच्याकडे नंतर बघू.

९ जानेवारी, गुरुवार

ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याने वाचन. ऐरोलीला खिडकी मिळाली.

आज एक गैरसमज कागदावर उतरवून मोडला, कारण तो माझाही होता. डोक्यात असं बसलं होतं, की लहान डब्यात लहान तरंगलांबीचा प्रकाश मावतो, म्हणून लहान डॉट निळा. हे चूक आहे. तिसऱ्या कुपीतला प्रकाश ५६७ नॅनोमीटरचा आणि डॉट साधारण ३ नॅनोमीटरचा. म्हणजे प्रकाशाची लाट डॉटच्या जवळपास १९० पट लांब. ती आत मावण्याचा प्रश्नच येत नाही.

मावायचं असतं ते इलेक्ट्रॉनच्या लाटेला. प्रकाश शोषला गेला की अर्धवाहकात एक इलेक्ट्रॉन वरच्या बँडमध्ये, म्हणजे ऊर्जेच्या वरच्या पट्ट्यात, जातो आणि खाली त्याची रिकामी जागा, म्हणजे होल, उरतं. मोठ्या स्फटिकात ही जोडी ऐसपैस पसरते. कॅडमियम सेलेनाइडमध्ये त्या पसाऱ्याची त्रिज्या साधारण ५ ते ६ नॅनोमीटर. डॉट त्याहून लहान झाला की दोघांच्या लाटांना आखडून बसावं लागतं. लाट आखडली की तिची गतिज ऊर्जा वाढते, आणि तीही वर्गात. जागा निम्मी केली तर ही ऊर्जा चौपट.

ही वाढ दोन बँडमधल्या ऊर्जेच्या मूळ अंतरावर, म्हणजे बँड गॅपवर, चढते. मोठ्या स्फटिकाचा गॅप १.७४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे ७१२ नॅनोमीटर, अगदी गडद लाल. आकार लहान केल्याने त्यात फक्त भर पडू शकते. म्हणून याच पदार्थातून कितीही मोठा डॉट केला तरी अवरक्त प्रकाश मिळणार नाही. त्यासाठी मुळातच लहान गॅपचा पदार्थ लागतो, उदाहरणार्थ लेड सल्फाइड. हे वाक्य निबंधात हवंच. 'आकार बदला आणि हवा तो रंग मिळवा' असं जे सरसकट लिहिलं जातं, त्याला ते थोडं जमिनीवर आणतं.

११ जानेवारी, शनिवार

पाचही कुप्यांचे शोषण-वर्णपट घेतले. पहिल्या शिखराच्या जागा अनुक्रमे ५००, ५२०, ५५०, ५८० आणि ६०० नॅनोमीटर. उत्सर्जन त्याच्या पंधरा-वीस नॅनोमीटर लालकडे येतं : दुसरीत ५३८, तिसरीत ५६७, चौथीत ५९६, पाचवीत ६१४. पहिलीचा आलेख वेगळा ठेवला.

कण किती मोठे ते कुपीवर लिहिलेलं नाही. पेंग यांच्या गटाने २००३ साली दिलेलं सूत्र वापरलं. शिखराची तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये घातली की व्यास नॅनोमीटरमध्ये येतो :

```
D = 1.6122e-9*L**4 - 2.6575e-6*L**3 + 1.6242e-3*L**2 - 0.4277*L + 41.57
```

व्यास आले २.३४, २.५६, ३.०४, ३.८२ आणि ४.५८. गुणक पूर्ण अंकांसह घालायचे. मी आधी दोन अंकांवर गोल केले, तर व्यासच भलताच आला. मोठ्या संख्यांची बेरीज-वजाबाकी होऊन शेवटी चिमूटभर उरतं, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या अंकालाही महत्त्व आहे.

एक गोष्ट या आकड्यांतच दिसते. ५०० वरून ५२० ला जायला व्यास फक्त ०.२२ नॅनोमीटरने वाढला, आणि ५८० वरून ६०० ला जायला ०.७६ ने. वीस नॅनोमीटर रंग दोन्हीकडे सारखाच सरकला, पण लहान डॉट कितीतरी नाजूक. हिरव्याच्या आसपास एका अणूच्या थराइतका फरकही रंग हलवतो. ३ नॅनोमीटरच्या डॉटमध्ये सगळे मिळून पाचशेच्या आसपासच अणू असतात. एक थर म्हणजे तिथे काही किरकोळ नाही.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

तिळगूळ खात ब्रुसचं समीकरण लावलं. त्यात तीन तुकडे आहेत. मूळ गॅप, आखडल्यामुळे वाढलेली ऊर्जा, आणि इलेक्ट्रॉन-होल एकमेकांना ओढतात त्याची वजावट. इलेक्ट्रॉनचं प्रभावी वस्तुमान, म्हणजे स्फटिकात तो जितका जड वागतो ते, ०.१३, होलचं ०.४५ (मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या पटीत) आणि सापेक्ष परावैद्युतांक १० धरला, की सगळे स्थिरांक आत जिरून एवढंच उरतं :

```
E = 1.74 + 3.73/R**2 - 0.257/R
```

R नॅनोमीटरमध्ये आणि E इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये. तरंगलांबीसाठी १२४० ला E ने भागायचं. R लहान होत जाताना ओढीचा तुकडा १/R प्रमाणे वाढतो आणि आखडण्याचा १/R² प्रमाणे. म्हणून लहान डॉटमध्ये आखडणंच जिंकतं आणि रंग निळ्याकडे जातो.

तिसऱ्या कुपीसाठी ३.०४ घातले. उत्तर २.०६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे ६०२ नॅनोमीटर. मोजलेलं शोषण-शिखर ५५०. फरक ५२. पाचवीसाठी ४.५८ घातले, उत्तर ६६६, मोजलेलं ६००. पुन्हा लालकडेच चुकलं, पण रंग बरोबर क्रमाने आले. साध्या सूत्राच्या मानाने छान जमलं असं समजून तक्ता केला आणि खाली लिहिलं : 'सूत्र आणि प्रयोग यांत समाधानकारक मेळ'.

१५ जानेवारी, बुधवार

समाधान एक रात्रभर टिकलं. मॅडमनी तक्त्यावर नुसती नजर टाकली आणि विचारलं, "R म्हणजे काय गं?"

त्रिज्या. मी व्यास घातला होता.

लोकलमध्ये फोनवरच दुरुस्त केलं. R = १.५२ :

आखडण्याचा तुकडा ३.७३ भागिले २.३१, म्हणजे १.६१. ओढीची वजावट ०.१७. एकूण १.७४ + १.६१ − ०.१७ = ३.१८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. तरंगलांबी ३८९ नॅनोमीटर.

३८९! हे जांभळ्याच्याही पलीकडे, डोळ्याला जवळपास न दिसणारं. आणि कुपी तर डोळ्यांदेखत पिवळसर हिरवी चमकते. चूक होती तोवर उत्तर बरं होतं, चूक सुधारली आणि उत्तर बिघडलं. पाचवीसाठी ५३० आलं, मोजलेलं ६००.

म्हणजे कालचा 'मेळ' दोन चुकांनी एकमेकींना झाकल्यामुळे आला होता. एक माझी, डबा दुप्पट मोठा धरण्याची. दुसरी सूत्राची, ऊर्जा जास्त सांगण्याची. रेषेचा कल योग्य दिसला म्हणून मी उत्तर तपासलंच नाही. ज्यांना हा हिशेब करायचा असेल त्यांनी पहिला डॉट ३ नॅनोमीटर व्यासाचा घेऊन बघावा. हे साधं सूत्र वापरून दृश्य प्रकाशात उत्तर आलं, तर बहुधा R च्या जागी D गेला आहे.

ऊर्जेत मोजलं तर सूत्राची चूक तिसऱ्या कुपीत ०.९३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि पाचवीत ०.२७. डॉट जसजसा लहान, तसतशी चूक मोठी. ही आंधळी चूक नाही, तिला दिशा आहे. मग कारणही शोधता यायला हवं.

१८ जानेवारी, शनिवार

दोन दिवस याच्यातच गेले.

मूळ हिशेबात डॉटच्या कडेची भिंत अनंत उंच धरली आहे. म्हणजे इलेक्ट्रॉनची लाट कडेला बरोबर शून्य व्हायलाच हवी. खरी भिंत अनंत नाही. बाहेर डॉटला झाकणारे ओलिक आम्लाचे रेणू आणि द्रावक आहेत, भिंतीला ठरावीक उंची आहे आणि लाटेचं टोक थोडं बाहेर झिरपतं. तंबोऱ्याची तार पक्क्या मेरूऐवजी रबराला बांधली तर तिचा स्वर उतरेल, तसंच. (तारेची उपमा प्रत्येक निबंधात असते. पण तिचा हा उपयोग मला कुठे वाचायला मिळाला नव्हता, म्हणून ठेवते.)

झिरपणं किती खोल, याचा अंदाज काढला. भिंतीचा माथा इलेक्ट्रॉनच्या पातळीपेक्षा २ इलेक्ट्रॉन-व्होल्ट वर धरला, तर टोक ०.१४ नॅनोमीटरमध्येच विझतं. एवढ्याशा शेपटाने ३८९ चं ५५० होईल, हे पटेना. त्रिज्या १.५२ च्या जागी १.६६ धरली, तरी उत्तर ४२० च्या आसपासच अडकतं.

मी इथेच 'सूत्राच्या मर्यादा' असं गुळमुळीत लिहून पुढे जाणार होते. मॅडमनी अडवलं. "कडेला लाट जोडताना दोन्हीकडचं वस्तुमान सारखं धरलंस ना?"

धरलं होतं. आत इलेक्ट्रॉन ०.१३ इतका हलका, बाहेर पूर्ण १. कडेला फक्त लाटेची उंची जुळवून भागत नाही, तिचा उतार भागिले वस्तुमान हेही जुळावं लागतं. बाहेर लाट वेगाने विझते, उतार तीव्र आहे, पण तो १ ने भागायचा. आतला उतार ०.१३ ने भागायचा. त्यामुळे आत उतार बराच मंद पुरतो. म्हणजे कडेपर्यंत पोचताना लाटेला शून्यावर यावंच लागत नाही, ती चांगली उंच असतानाच भिंत ओलांडते. शेपूट आखूडच, पण लाट आत निवांत झाली.

गणितात हे एका आकड्यावर येतं. अनंत भिंतीत लाटेचा आकडा ३.१४, म्हणजे पाय, असतो. मर्यादित भिंतीत तो, म्हणजे x, या अटीतून काढायचा :

```
x*cot(x) = 1 - 0.13*(1 + k*R)      # k = 7.25, R = 1.52
```

k म्हणजे बाहेर लाट विझण्याचा दर. x आला १.८६. ऊर्जा x च्या वर्गावर चालते, म्हणून इलेक्ट्रॉनचा वाटा (१.८६ ÷ ३.१४) च्या वर्गाने, म्हणजे ०.३५ पट झाला. आधी १.२५ होता, तो ०.४४ उरला. होल जड असल्यामुळे त्याचा वाटा मुळात ०.३६ च आहे, त्याला हात लावला नाही. नवी बेरीज १.७४ + ०.४४ + ०.३६ − ०.१७ = २.३७. तरंगलांबी ५२२.

३८९ वरून ५२२, फक्त इलेक्ट्रॉनची भिंत खरी केल्याने. होललाही तीच वागणूक दिली तर आकडा ५५० च्या दिशेने आणखी सरकतो.

पण हुरळून जायचं नाही. ती २ इलेक्ट्रॉन-व्होल्टची उंची मी धरलेली आहे, मोजलेली नाही. थोडी वर-खाली करून बरोबर ५५० आणता येईल आणि त्याला पुरावा म्हणता येणार नाही. निबंधात 'भिंत मर्यादित केली की चूक बहुतांशी जाते' एवढंच लिहिते. शिवाय प्रभावी वस्तुमान हे बँडच्या तळाशी मोजलेलं असतं. इतक्या लहान डॉटमध्ये इलेक्ट्रॉन तळापासून बराच वर उचलला जातो आणि तिथे तो ०.१३ राहत नाही, जड होतो. म्हणजे ऊर्जा आणखी कमी भरते. दोन्ही कारणं एकाच बाजूला ओढतात, त्यामुळे कुणाचा वाटा किती, हे माझ्या पाच कुप्यांवरून सांगता येत नाही.

१९ जानेवारी, रविवार

मेगाब्लॉक. घरीच बसून लिहिलं. बाबा विचारत होते, "एकाच पदार्थाचे पाच रंग कसे?" त्यांना इलेक्ट्रॉनची लाट सांगायला गेले, तर म्हणाले, "म्हणजे वन-आरकेच्या खोलीत पाच माणसं, चढ्या आवाजात बोलणारच." उपमा चुकीची आहे, इथे गर्दी नाही, एकच इलेक्ट्रॉन आहे. पण आखडलं की चढतं, एवढं त्यांना पटलं.

२२ जानेवारी, बुधवार

मॅडमचा दुसरा प्रश्न जास्त बोचला. "व्यास तू वर्णपटावरून काढलास, मग त्याच व्यासावरून वर्णपट सांगितलास. गोल फिरलीस की नाही?"

अर्धं खरं आहे. पेंग यांच्या सूत्रामागचे व्यास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात मोजलेले होते, माझे नाहीत. त्यामुळे ब्रुसचं समीकरण त्या मोजलेल्या वक्राशी ताडून पाहणं रास्त आहे, कारण वक्र ब्रुसवर उभा नाही. पण 'माझ्या पाच कुप्यांनी सिद्ध केलं की आकाराने रंग बदलतो' असं मला लिहिता येणार नाही. त्यासाठी त्याच नमुन्यांची टीईएम, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची, चित्रं हवीत. तक्त्याच्या वरचं शीर्षक बदललं : आधी 'मोजलेला व्यास', आता 'वर्णपटावरून काढलेला व्यास'.

२५ जानेवारी, शनिवार

आज पहिली कुपी. शोषण-शिखर ५०० ला स्वच्छ, म्हणजे डॉट २.३४ नॅनोमीटरचा. उत्सर्जनात ५२० ला एक बारीक उंचवटा आणि ६५० च्या आसपास मोठा, पसरट डोंगर, शंभर नॅनोमीटरहून रुंद. दोन्ही मिळून डोळ्याला गुलाबी-पांढरं दिसतं.

पहिली शंका : मोठे डॉट्स मिसळले असतील. तसं असतं तर शोषणात ५३० च्या पलीकडे काहीतरी दिसायला हवं होतं. तिथे रेषा सपाट आहे. तरी खात्रीसाठी उत्सर्जन मोजणारा फ्लुओरिमीटर ६५० वर खिळवला आणि उत्तेजनाची तरंगलांबी सरकवत नेली. ६५० चा प्रकाश मोठे डॉट्स देत असते, तर ते ६०० च्या प्रकाशानेही पेटले असते. पेटलं ते फक्त ५३० च्या आत, आणि शिखर बरोबर ५०० ला. म्हणजे लाल प्रकाश त्याच लहान डॉट्समधून येतो आहे.

कारण पृष्ठभाग. एवढ्याशा डॉटमध्ये निम्म्याहून जास्त अणू पृष्ठभागावर असतात. ज्यांना झाकणारा रेणू निघून गेला, त्यांचे बंध उघडे राहतात. होल तिथे अडकतं आणि इलेक्ट्रॉन गॅपची पूर्ण उंची न उतरता त्या अडकलेल्या होलशी मिळतो. बाहेर पडणारी ऊर्जा कमी, आणि प्रत्येक डॉटचा खड्डा वेगळा म्हणून पट्टा रुंद. हा रंग डॉटच्या आकारापेक्षा त्याच्या सालीवर ठरतो.

दादाला मेसेज केला. उत्तर आलं, "ती कुपी मी मेथॅनॉलने चारदा धुतली होती, बाकीच्या एकदाच." धुताना ओलिक आम्ल निघून गेलं असणार. थोडं ओलिक आम्ल परत घालून बघता येईल. ५२० चं शिखर वर आलं आणि डोंगर बसला, तर कारण पक्कं. सील फोडायला परवानगी लागेल.

निबंधासाठी एवढं ठरवलं की डोळ्याला दिसणाऱ्या रंगावरून आकार सांगायचा नाही, शोषणाच्या पहिल्या शिखरावरून सांगायचा. पहिल्या कुपीने सगळ्यांत लहान असून सगळ्यांत लाल डोंगर दाखवला.

२७ जानेवारी, सोमवार

मसुदा दिला. तिसऱ्या कुपीचा हिशेब दोन पानं झाला आहे, चुकलेल्या ६०२ सकट. मॅडम म्हणाल्या, तो काढू नकोस. पहिल्या कुपीत ओलिक आम्ल घालायला गुरुवारी दुपारी फ्यूम हूड मिळालं आहे, हातमोजे घेऊन जायचं.